पावती माड्री

आमच्याकडे बेळगावात ‘साल’ या शब्दानं घोटाळा होतो. मराठीत साल म्हणजे वर्ष आणि कन्नडात साल म्हणजे कर्ज. जूनमध्ये पोरीच्या ॲडमिशनला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, “साल तगोंड्रेनु?” त्या कर्ज घेतलं का विचारत होत्या. मी ऐटीत सांगितलं, “होय, पहिलं साल.”

मॅडमनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पोरीकडे बघितलं. पोरीनं कपाळाला हात लावला.

माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं आणि गणपतीच्या मंडळांची पावतीपुस्तकं. पत्रिका दोन भाषांत छापतो आणि दोन्ही भाषांत चुका करतो. धंदा चांगला चालतो, खरं तो पंचांगाप्रमाणे चालतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत माणसं लग्न करत नाहीत, म्हणजे पत्रिका छापत नाहीत, म्हणजे माझा गल्ला चातुर्मास पाळतो.

पोरीची वर्षाची फी साठ हजार. ॲडमिशनला २४ हजार भरायचे. उरलेले ३६ हजार एकदम भरा, नाहीतर बारा-बारा हजारांचे तीन हप्ते करा: १० सप्टेंबर, १० नोव्हेंबर, १० जानेवारी. प्रत्येक हप्त्याला सोयीचा आकार ५०० रुपये. फॉर्मच्या तळाशी, मी पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ ज्या टाइपात छापतो त्याच टाइपात, असं होतं: उशीर झाल्यास पहिले पंधरा दिवस रोज ५० रुपये, पुढे रोज १००. सुट्ट्या धरून.

बायको म्हणाली, “क्रेडिट सोसायटीतून छत्तीस हजार काढा आणि एकदाच भरून टाका की.”

“कर्ज?” मी म्हणालो. “आमच्या घराण्यात कुणी कर्ज काढलं नाही.”

हे खोटं होतं. आजोबांनी तीनदा काढलं होतं. खरं हप्ता म्हटला की माणसाला कर्ज घेतल्यासारखं वाटत नाही, आणि कॉलेजला ते ठाऊक असतं. कर्ज काढायला अर्ज लागतो, जामीन लागतो, दोन फोटो लागतात आणि सोसायटीच्या बाकावर ओळखीचं कोणीतरी बसलेलं असतंच. हप्त्याला एक सही पुरते. मी सही केली.

सप्टेंबर आला. गणपतीची पावतीपुस्तकं छापून दिली होती आणि पैसे विसर्जनानंतर मिळणार होते. बेळगावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, आणि मंडळाचा खजिनदार त्यानंतर आठवडाभर झोपतो. दहा तारीख गेली. बारा दिवसांनी मी काउंटरवर उभा राहिलो.

“मोदल पावती माड्री,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, “मॅडम, पैसे भरतो, मग तुम्ही पावती द्या.”

“अदे हेळ्तीनी. पावती माड्री!”

हा खेळ पाच मिनिटं चालला. कन्नडात पावती म्हणजे पैसे भरणं, आणि मराठीत पैसे भरल्यावर मिळतो तो कागद. आयुष्यभर पावतीपुस्तकं छापणाऱ्या माणसाला ‘पावती करा’ असं सांगितल्यावर तो पुस्तक कुठल्या साइजचं ते विचारणार. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेवटी तह घडवून आणला. एकच शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखा निघाला: दंड. बारा दिवसांचे ६०० रुपये.

नोव्हेंबरचा हप्ता दिवाळीनं खाल्ला. तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांच्या ऑर्डरी आल्या, खरं ॲडव्हान्स सगळा कागदवाल्याकडे गेला. वीस दिवस उशीर. पहिल्या पंधराचे ७५० आणि पुढच्या पाचांचे ५००, असे साडेबाराशे. शिवाय सेमिस्टरचं हॉल तिकीट अडवून ठेवलेलं. पोरगी घरात एक शब्द बोलत नव्हती, फक्त दाराशी येऊन उभी राहायची. दंड बारा हजारांवर असो की बाराशेवर, रोजचे रुपये तेच. त्यामुळे थोडी रक्कम आधी भरून दंड कमी करावा म्हटलं तर तेही चालत नाही. हप्ता पुरा आला तरच आला.

जानेवारीत मी शहाणा झालो होतो. दहा तारखेच्या संध्याकाळी मोबाइलवरून पैसे भरले. माझ्या खात्यातून गेले आणि कॉलेजच्या पोर्टलवर ‘पेंडिंग’ दिसू लागले. दोन दिवसांनी तिथं नोंद झाली, आणि नोंद झाली तीच तारीख धरली गेली. व्यवहाराचा बारा आकडी नंबर दाखवला, मॅडमनी तो वहीत लिहून घेतला, म्हणाल्या सिस्टीम दंड मागे घेत नाही. शंभर रुपये.

त्या रात्री मी प्रूफ तपासायचा चष्मा लावून हिशेबाला बसलो. दंड ६०० अधिक १२५० अधिक १००, म्हणजे १९५०. सोयीचा आकार १५००. एकूण ३४५० रुपये जादा गेले. आता समोर बायकोची सोसायटी. छत्तीस हजार, बारा महिने, १४ टक्के, घटत्या बाकीवर. महिन्याला साधारण ३२३२ रुपये, आणि वर्षाचं व्याज सुमारे २७८८. त्यावर प्रोसेसिंगचे ३६० आणि स्टॅम्प-फॉर्मचे दोनशे. एकूण ३३४८.

फरक १०२ रुपये. घराण्याची अब्रू मी एकशे दोन रुपयांना राखली होती.

इथं मेव्हणा हजर झाला. दुसऱ्या एका सोसायटीत त्याची ओळख होती आणि तिथंही १४ टक्केच, “खरं कागद कमी लागतात ओ भावजी.” हप्ता मात्र ३४२० निघाला. टक्का तोच आणि हप्ता जास्त कसा, यावर आम्ही दोघं अर्धा तास बसलो. मग उलगडा झाला. तिथलं व्याज फ्लॅट होतं. पूर्ण ३६ हजारांवर वर्षाचे १४ टक्के म्हणजे ५०४० रुपये धरायचे आणि बारानं भागायचं. अकराव्या महिन्यात तुमच्याकडे सहा-सात हजार उरलेले असतात, तरी व्याज छत्तीस हजारांचंच चालू. घटत्या बाकीच्या भाषेत सांगायचं तर ते १४ नाही, जवळपास २५ टक्के पडतं. टक्का विचारून उपयोग नाही. महिन्याचा हप्ता विचारायचा, बारानं गुणायचा आणि मुद्दल वजा करायची. मेव्हणा म्हणाला, “माझी ओळख आहे म्हणून चौदा, नाहीतर सोळा.”

शिवाय दोन्ही ठिकाणी छत्तीस हजार मंजूर झाले म्हणून छत्तीस हजार हातात पडत नाहीत. ५६० हे खर्चाचे आणि सभासद होण्यासाठी शेअरचे हजार आधीच कापतात. शेअरचे पुढे परत मिळतात, खरं कॉलेजच्या काउंटरवर तुम्ही ३४ हजार ४४० घेऊन उभे असता आणि मॅडम म्हणतात पावती माड्री. म्हणजे उरलेल्या पंधराशे साठासाठी पुन्हा बायकोच्या डब्याकडे बघायचं.

आणि एक गोष्ट मी बायकोपासून चार दिवस लपवली. तिन्ही हप्ते तारखेला भरले असते तर मला फक्त पंधराशे पडले असते, कर्जाच्या निम्म्याहून कमी. हप्त्यांची योजना वाईट नव्हती. ती पगारदार माणसासाठी होती. एक तारखेला पैसे येतात, दहाला द्यायचे. माझे पैसे मुहूर्तावर येतात, आणि दहा तारखेला मुहूर्त असेलच असं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पिग्मीचे काका आले. आमच्या कर्नाटकानं १९२८ साली उडुपीत ही रोजच्या बचतीची पिग्मी शोधून काढली, आणि आता दुकान उघडं दिसलं की पिग्मीवाला दिसतोच. काका रोज साडेसहाला येतात, शंभर रुपये घेतात, मशीनमधून चिठ्ठी काढतात. त्यांच्यापुढे मी माझी कहाणी सुरू केली. सप्टेंबरपर्यंत पोचलो तोच त्यांनी थांबवलं.

“तेव्हा तुमच्या खात्यावर बावीस हजार होते की.”

“ते मुदतीआधी मोडलं तर व्याज जातं म्हणून हात लावला नाही.”

“मोडायचं कशाला ओ? त्याच्यावर कर्ज मिळतंय. पाऊण रक्कम. जामीन नको, काय नको, पैसे आमच्याकडंच पडलेले.” त्यांनी त्याच मशीनवर आकडे दाबले. “बारा हजार, वीस दिवस, चौदा टक्क्यांनं.” मशीन माझ्यासमोर धरलं. ब्याण्णव रुपये.

मी चष्मा पुसून परत बघितलं. ब्याण्णवच. नोव्हेंबरमध्ये त्याच बारा हजारांचे, त्याच वीस दिवसांचे मी साडेबाराशे भरले होते. वर्षभराचं छत्तीस हजारांचं कर्जही मला लागत नव्हतं. मला लागत होते बारा दिवस आणि वीस दिवस. सप्टेंबरच्या बारा दिवसांचा हिशेब मी घरी येऊन केला: पाच टक्के दंड, तोही बारा दिवसांत. वर्षाच्या भावानं दीडशे टक्क्यांच्या वर. आमच्या गल्लीत एक गृहस्थ व्याजानं पैसे देतात, लोक त्यांचं नाव दबक्या आवाजात घेतात. तेही इतकं घेत नाहीत.

“तुम्ही आधी का नाही सांगितलं?” मी काकांना विचारलं.

“तुम्ही रोज विचारता, चहा घेणार का. एवढंच.”

दुसऱ्या वर्षी पुन्हा हप्तेच घेतले. बायको काही बोलली नाही, फक्त फॉर्मच्या तळाचा बारीक टाइप मला मोठ्यानं वाचायला लावला. सप्टेंबर आला, मंडळांचे पैसे आले नाहीत, खजिनदार ठरल्याप्रमाणे झोपणार होता. मी आठ तारखेला पिग्मीवर बारा हजार उचलले. दिवसाला साडेचार रुपये व्याज, चहापेक्षा स्वस्त. नऊ तारखेला, शुक्रवारी, हप्ता आणि सोयीचे पाचशे खिशात घालून ताठ मानेनं काउंटरवर गेलो आणि मॅडमच्या आधी मीच म्हणालो, “पावती माड्तीनी.”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

“सर्व्हर डाऊन ऐतरी. नाळे बर्री.”

उद्या दहा तारीख. दुसरा शनिवार.