परदेशातून : ‘दो’ एवढंसं अक्षर

"मावशी, रूममेटच्या आईने चुसॉकला घरी बोलावलंय, डेगूला. ‘हॅपी चुसॉक’ चालेल ना? आणि त्या काही म्हणाल्या तर उलट काय म्हणायचं?"

चुसॉक हा कोरियातला सुगीचा सण, डेगू हे तिथलं शहर. भाचीने हा प्रश्न घरच्या ग्रुपवर टाकला, तिथेच घोटाळा झाला. पुण्याहून दादाचा निकाल लगेच आला: "ठरलेली वाक्यं म्हणजे पोपटपंची. मनापासून बोल, झालं." कोरियन मालिका कोळून प्यायलेल्या वहिनीने सुचवलं, "सेहे बोक मानी बादुसेयो म्हण, हमखास चालतं." मामांना वेगळीच शंका: "तो पितरांचा दिवस ना? मग शुभेच्छा कसल्या देता?" आणि काकूंनी विचारलं, डेगूला थंडी असते का, स्वेटर न्यायला सांग.

काकूंचा सल्ला निदान निरुपद्रवी आहे. बाकीच्यांचं काय करायचं?

वहिनींचं वाक्य शुद्ध आहे, उच्चारही बरा. पण ते नव्या वर्षाचं वाक्य आहे, सॉल्लालचं. चुसॉकला ते म्हणणं म्हणजे दसऱ्याचं सोनं हातात देऊन "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणणं. कुणी रागावणार नाही, हसतील आणि पाठ थोपटतील. पण पाहुणीने सण ओळखला नाही, हे सगळ्यांच्या लक्षात येईल.

चुसॉकचं साधं वाक्य "चुसॉक जाल बोनेसेयो", म्हणजे चुसॉक छान घालवा. भरभराटीचं हवं असेल तर "फुंगसॉंगहान हांगावी बोनेसेयो". हांगावी हे त्याच सणाचं देशी नाव, आणि फुंगसॉंगमध्ये कणगी भरलेली असल्याचा भाव आहे. बँकेच्या बॅनरवर शेवटी "द्वेसेयो" दिसेल, ते उचलू नकोस. त्याचा शब्दशः अर्थ "तुम्ही भरभराटीचा चुसॉक व्हा" असा होतो, आणि भाषेबाबत काटेकोर माणसं त्यावर नाक मुरडतात. बोलण्यात ते सर्रास चालतं, हेही खरं. पण मैत्रिणीचे वडील कोणत्या गटातले, हे तुला दारात कळणार नाही. बोनेसेयोला दोन्हीकडे हरकत नाही.

आता दादाला जे कळणार नाही ते. हे वाक्य दारात शिरताना म्हणायचंच नाही. "छान घालवा" हे निरोपाचं बोलणं आहे, किंवा सणाच्या दोन-तीन दिवस आधी पाठवायच्या संदेशाचं. जेवायला आलेल्या माणसाने उंबऱ्यावरच "सण छान घालवा" म्हटलं, तर तो परत निघाला की काय असं वाटेल. मनापासून बोललं तरीही.

दारात असं होईल. आधी "आन्यॉंगहासेयो" म्हणून कमरेतून वाकायचं. जमिनीवर डोकं टेकायचा मोठा नमस्कार सॉल्लालचा, तो इथे नको. मग "चोदेहे जुश्यॉसॉ कामसाहाम्निदा", बोलावल्याबद्दल आभार. आईंना ऑमॉनिम, वडिलांना आबॉनिम, आजींना हालमॉनिम. नाव घ्यायचं नाही, आणि शब्दकोशात "तुम्ही" शोधून सापडणारं तांगशिन तर मुळीच नाही. मोठ्या माणसाला तोंडावर ते भांडणातलं वाटतं. मग भेट दोन्ही हातांनी पुढे करायची. पाच किलोची पेअरची पेटी उत्तम.

पेटी घेताना ऑमॉनिम म्हणतील, "म्वॉल इरॉन गॉल दा!" कशाला आणलंस हे सगळं! इथे परदेशी मुलं गडबडतात, चूक झाली समजून पेटी मागे घेतात किंवा किंमत सांगू लागतात. तुला यात नवीन काय आहे? आपल्याकडच्या काकू पिशवी हातात घेता घेता हेच म्हणतात. "आनियेयो" म्हणायचं, नाही हो, काही नाही. पेटी आत जाते. दादाच्या दृष्टीने ही दोन्ही बाजूंची पोपटपंची. दादा स्वतः मात्र दरवर्षी आपट्याचं पान देताना "सोन्यासारखं राहा" म्हणतो, आणि समोरच्याने पान परत दिलं नाही तर त्याला लागतं.

मामांची शंका अर्धी बरोबर आहे. चुसॉकच्या सकाळी अनेक घरांत चारे होतो, पूर्वजांना नव्या तांदळाचं अन्न आणि सोंगप्यॉन, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या छोट्या करंज्या वाढतात, मग सगळे तेच खातात. काही ख्रिस्ती घरांत त्याऐवजी प्रार्थना होते. म्हणून मैत्रिणीला वेळ आधी विचार. सकाळ शक्यतो टाळ. पण पितर आले म्हणून शुभेच्छा बंद, हे इथे कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिलं पीक त्यांच्यासमोर ठेवलं, आता घरात भरलेलं राहू दे, असा तो धागा आहे. चुसॉकची, म्हणजे आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा 2024 मध्ये 17 सप्टेंबरला होती, आपल्याकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी. 2025 मध्ये ती 6 ऑक्टोबरला आली, कोजागिरीच्या दिवशी; कोकणात तीच नवान्न पौर्णिमा. मामा, पितृपक्ष आणि नवान्न यांच्यात आपण भिंत घातली आहे, यांनी घातली नाही. कोणतं बरोबर, यावर मी वाद घालणार नाही (घालायचा मोह मात्र होतो).

भरभराट म्हणजे ताटांची गर्दी, असंही नाही. सुंगक्युनग्वान ही कन्फ्यूशियस परंपरेची मोठी संस्था. तिनेच सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं की चारेसाठी तळण करायची गरज नाही, नऊ पदार्थ पुरेत. आपल्याकडे असं सांगायला कोण पुढे येईल, असं मी ग्रुपवर लिहिलं आणि पुसलं. कारण इथल्या कित्येक स्वयंपाकघरांत सुना अजून तळतच आहेत.

म्हणीचा मोह झाला तर "तॉदो मालगो, तॉल्दो मालगो, हांगावीमान गाथारा": जास्त नको, कमी नको, हांगावीसारखंच असू दे. किम मेसुन यांनी 1819 मध्ये तिचा चिनी लिपीतला पाठ नोंदवला आहे. ती शुभेच्छापत्रात शोभते. तोंडाने म्हणायची तर म्हण म्हणूनच सांग.

निघताना मात्र चुसॉक अर्धा संपलेला असतो, म्हणून "नामुन यॉन्ह्यू जाल बोनेसेयो", उरलेली सुट्टी छान घालवा. ऑमॉनिम त्यावर "चोशिमही तुरॉगायो", सांभाळून जा, म्हणतील आणि डब्यात सोंगप्यॉन भरून देतील. डबा नाकारू नकोस. सुट्टीनंतर कुणी "चुसॉक जाल बोनेश्यॉसॉयो?" विचारलं, तर "ने, तॉकबुने", हो, तुमच्या कृपेने. विचारणाऱ्याने काही केलेलं नसलं तरी.

आणि सणाआधी आलेल्या संदेशाला उत्तर देताना सारी भिस्त ‘दो’ या अक्षरावर. "कामसाहाम्निदा, ऑमॉनिमदो फुंगसॉंगहान हांगावी बोनेसेयो." दो म्हणजे ही: तुम्हीही. नुसतं धन्यवाद लिहिलंस, तर शुभेच्छा तुझ्याकडेच अडकते, परत न दिलेल्या आपट्याच्या पानासारखी. हे मात्र दादालाही कळेल.

एक मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे कुणी फॉरवर्ड ढकलत नाही, अशी फुशारकी मी मारते. खरं तर चुसॉकच्या आठवड्यात फोन चंद्र आणि सशांच्या चित्रांनी भरतो, आणि त्यांतल्या बऱ्याच संदेशांत असतं: "काजोग्वा हामके", कुटुंबासोबत. आपलं कुटुंब त्या वेळी ग्रुपवर स्वेटरची चर्चा करत असतं. हे पाठवणाऱ्याला समजावून सांगायचं नसतं, भाचीबाई. "ने, कामसाहाम्निदा" लिहायचं, आणि पुढे त्यांच्या नावाला दो लावायचा.