पाच चाळीस ते पाच पंचेचाळीस

"शाळेने ओपन डेला पाच-पाच मिनिटांच्या वेळा बुक करायला लावल्यात. आपल्याच पोरीबद्दल बोलायला अपॉइंटमेंट? तुमच्याकडे तरी असलं काही असतं का रे दादा?"

ठाण्याहून धाकट्या बहिणीने घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि मी इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला बसमध्ये बसल्या बसल्या हसलो. असतं का म्हणजे! आमच्या पेरेंट्स इव्हनिंगला आठ विषयांचे आठ शिक्षक, प्रत्येकी पाच मिनिटं. लिंक संध्याकाळी सहाला उघडते आणि सहा दहाला गणिताच्या बाईंकडे जागा उरत नाही. कोविडपासून सगळं व्हिडिओवर. कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात, शून्य झालं की कॉल बंद, मग कुणाचं वाक्य अर्धं राहो. कुणाच्या टेबलाभोवती कोंडाळं नाही, "एकच मिनिट हं मॅडम" म्हणत मध्ये घुसणं नाही.

हे सगळं मी जरा जास्तच तोऱ्यात लिहिलं असणार. मावशीने विचारलं, "बुकिंगचे पैसे किती घेतात?" भाऊजी म्हणाले, त्यात काय, गुगल फॉर्म टाकला की झालं. अर्धं खरं. फॉर्म वेळा गोळा करतो, पण घेतलेली वेळ यादीतून आपण होऊन काढत नाही. साडेदहा सोयीचे म्हणून सहा जण साडेदहाच निवडणार आणि साडेदहाला सहाही जण दारात. एकाने घेतली की दुसऱ्याला ती वेळ दिसताच कामा नये, खरी मेख तिथे आहे.

मग वहिनी बोलली. ती स्वतः शाळेत शिकवते. "तुझ्या मुलीच्या वर्गात मुलं किती? तीस ना? माझ्या वर्गात पंचेचाळीस. नऊ ते बारा म्हणजे १८० मिनिटं आणि पाचाने ४५ मुलांना लागतात २२५. आता बसव."

त्यांच्याकडे पहिल्या वर्षी एकामागून एक वेळा लावल्या होत्या, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. प्रत्येक पालक मिनिट-दीड मिनिट जास्त बसायचा, त्यात वावगं काही नाही, पण साडेदहाला वर्ग वीस मिनिटं मागे पडला होता. कॉरिडॉर पूर्वीइतकाच भरलेला, फक्त आता उभा असलेला प्रत्येक जण मोबाइलवर आपली वेळ दाखवून भांडत होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी दर सहावी वेळ कोरी ठेवली. तीन तासांत ३६ वेळा, त्यातल्या सहा कोऱ्या, म्हणून ३० पालक. उरलेले पंधरा पुढच्या शनिवारी. ज्या मुलाबद्दल सविस्तर बोलायचंय त्याच्या आईवडिलांना कोऱ्या वेळेच्या अगदी आधीची वेळ वहिनी स्वतः देते. ज्यांना लिंक जमत नाही त्यांच्यासाठी फाटकापाशी कागद, तो शिपाईमामा भरून घेतात. दोन शनिवारांवरून शिक्षकांची कुरकुर अजून चालूच आहे, हेही तिनेच सांगितलं.

कोरी वेळ! आमच्याकडे ती नाही. इथे घड्याळ शिस्त लावतं, माणसाला सवलत नाही. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. पहिल्या वर्षी मला लॉगिनच होईना. मुलीचं नाव शाळेच्या नोंदीत असेल तसंच टाकावं लागतं, आणि पासपोर्टवरून त्यांनी माझं नाव तिच्या नावाला चिकटवून दोन्ही मिळून पहिलं नाव केलेलं. ते उमगेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि गणित हुकलं. यंदा बरोब्बर सहाला बसलो आणि पाच चाळीसची वेळ मिळवली. बाई छान बोलल्या. शेवटचे दहा सेकंद उरले असताना म्हणाल्या, "हल्ली ती डब्याच्या सुट्टीत जरा एकटी..." आणि पडदा पांढरा झाला. ईमेल केला. दोन दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आलं, काळजीचं काही नाही म्हणून.

आमची आई ओपन डेला कठड्याला टेकून दीड तास उभी असायची. बाईंशी तिचं बोलणं तीन मिनिटं. पण कोणाचा मुलगा कोणाशी बोलत नाही, कोणत्या रिक्षावाल्या काकांची रिक्षा बदलायला हवी, ही बातमी ती कॉरिडॉरमधून आणायची. मुलीची ही शाळा सुरू होऊन चार वर्षं झाली. ती डबा खाताना पूर्वी कोणाशेजारी बसायची हे मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारावं अशा एकाही आईवडिलांचं नाव माझ्या फोनमध्ये नाही.

बहिणीने शेवटी अकरा पाचची वेळ घेतली, तिच्या मैत्रिणीला अकरा दहाची मिळाली. "आम्ही दोघी दहालाच जाऊन उभ्या राहणार आहोत," असं तिने ग्रुपवर लिहिलं. वहिनीने खाली कपाळावर हात मारणारी इमोजी टाकली. मी काहीच टाकलं नाही.