चपलांचं खोकं आणि दीड किलोचं बिल: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "आम्ही निपाणीहून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. काट्यावर जोड खोक्यासकट ७८० ग्रॅम भरतो, खोकं बाहेरून ३१ × २१ × ११ सेंमी, आणि कुरिअर बिल लावतो दीड किलोचं. ही सरळ लूट आहे आणि तुम्ही तिचं समर्थन करता. वर ऑर्डरमागचा खर्च काढायला तुमच्या शीटचे दहा रकाने! महिन्याचं बिल भागिले ऑर्डरी, एवढं पुरतं."

तुमचा राग समजतो, पण दीड किलो आला कुठून ते आधी पाहू. तिन्ही मापांचा गुणाकार येतो ७१६१. बहुतेक कुरिअर त्याला ५००० ने भागतात, म्हणजे आकारमानाचं वजन झालं १.४३ किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे, यांतलं जे जास्त ते धरतात आणि पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्यावर नेतात. शीटमध्ये हेच असं मांडता येतं (B मध्ये काट्यावरचं वजन किलोत, C, D, E मध्ये मापं सेंटिमीटरमध्ये):

```
=CEILING(MAX(B2, C2*D2*E2/5000), 0.5)
```

५००० ने भागणं म्हणजे एका लिटर जागेला २०० ग्रॅम वजन धरणं. तुमच्या खोक्यात लिटरमागे जेमतेम ११० ग्रॅम माल आहे, बाकी हवा. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, म्हणून त्या हवेचंही भाडं लागतं. याला मी लूट म्हणणार नाही. कुंद्यासारखी मिठाई पाठवणाऱ्याला हा प्रश्न येतच नाही, कारण त्याचा माल घट्ट असतो.

तेव्हा भांडण कुरिअरशी नाही, खोक्याशी आहे. दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या की रुंदी दुप्पट होते. त्याऐवजी एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे करून, पट्टे आत आणि तळवे बाहेर, अशा समोरासमोर ठेवा. मध्ये पातळ कागद घाला, नाहीतर गोंड्याचा रंग चामड्याला लागतो. बहुतेक मापांचा जोड मग बाहेरून ३१ × १३ × १२ च्या खोक्यात बसतो: ४८३६ भागिले ५०००, म्हणजे ०.९७. बिल एक किलोचं.

पण इथे हाताशी फार जागा उरत नाही. झाकण फुगून उंची १२ ची १३ झाली की आकडा १.०५ होतो आणि पार्सल पुन्हा दीड किलोत जातं. कुरिअरच्या हबवरचं माप घेणारं यंत्र सगळ्यांत बाहेरचा बिंदू धरतं, फुगवटाही मोजतं. म्हणून माप टेप मारल्यावर घ्यायचं, खोक्यावर छापलेलं आतलं माप धरायचं नाही. करारात भाजक ५००० आहे की ४००० तेही वाचा. ४००० असेल तर हेच लहान खोकं १.२१ वर जातं आणि मेहनत वाया जाते. तिथे दराबद्दलच बोलावं लागेल.

तुमची खरी तक्रार होऊ शकते ती नंतर वाढवलेल्या वजनाची. त्यासाठी पार्सल देण्याआधी फोटो हवेत: एक काट्यावरचा, तीन मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंचे, आणि प्रत्येकात लेबलवरचा एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलचा माग काढायचा क्रमांक दिसायला हवा. हरकत घ्यायची मुदत थोड्या दिवसांची असते. महिनाअखेरीस बिल उघडणाऱ्याची ती हमखास टळते.

आता भागाकार. समजा पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्याला ३५ असा दर आहे. दीड किलोचे ११०, १८ टक्के जीएसटी धरून १२९.८०. एक किलोचे ७५, करासह ८८.५०. फरक ४१.३० चा. पण सीओडीमध्ये शंभरातली वीस पार्सलं परत आली आणि परतीचंही तेवढंच भाडं लागलं, तर १२० फेऱ्यांचा खर्च ८० विकलेल्या जोडांवर बसतो. मोठ्या खोक्यात तो जोडामागे १९४.७० होतो, लहान खोक्यात १३२.७५. म्हणजे खोक्याचा खरा फरक ६२ रुपयांच्या घरात. तुम्ही शंभराने भागाल तर मोठ्या खोक्याचा खर्च १५५.७६ दिसेल आणि प्रत्येक जोडामागे ३९ रुपये कुठे गेले ते कळणारच नाही.

रकाने दहा नकोत, चार ठेवा: तुम्ही लिहिलेलं वजन, बिलात लागलेलं वजन, झोन, आणि पोचलं की परत आलं. झोन वेगळा ठेवायचं कारण आपल्या सीमाभागात फार जवळचं आहे. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, बेंगळुरू रात्रभराच्या प्रवासावर. तरी राज्यावरून झोन ठरवणाऱ्या दरपत्रकात बेंगळुरू 'राज्यांतर्गत' असतं आणि कोल्हापूर परराज्यात. तुमचं बरंचसं गिऱ्हाईक कोल्हापूर-सांगलीकडचं असेल, तर सगळ्यांची एकच सरासरी काढून ठेवलेला 'मोफत डिलिव्हरी'चा भाव नेमका त्याच ऑर्डरींवर तोट्यात जातो. आधी गेल्या महिन्याचं बिल झोनप्रमाणे लावा आणि लिहिलेल्या व लागलेल्या वजनात फरक असलेल्या ओळी वेगळ्या काढा. त्या सगळ्या एकाच मापाच्या खोक्याच्या निघाल्या, तर आधी ते खोकं बदला.