ओल्या कचऱ्याचा हिशोब करताना टनाचा रेट बाजूला ठेवा आणि खेपा मोजा

छोट्या गावात ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते गावातच कंपोस्ट करा, फुकटात होतं, वर खत विकून पैसे येतात. दुसरी म्हणते कशाला डोक्याला ताप, चाळीस-पन्नास किलोमीटरवर कचरा प्रक्रियेचा मोठा प्लांट आहे, तिथे पाठवा आणि मोकळे व्हा. दोघांकडे एकेक टनाचा रेट तयार असतो आणि दोघांचाही रेट साधारण खोटाच असतो. मुद्दाम खोटा नाही हो, पण कचऱ्याचा खर्च टनावर चालतच नाही ना. तो चालतो गाडीच्या अख्ख्या खेपेवर आणि माणसाच्या अख्ख्या दिवसावर. अर्धी खेप नसते आणि पाव माणूस नसतो, सगळा घोळ इथे आहे.

एक उदाहरण घेऊन बघू. मी रक्कम लिहितच नाहीये, डिझेलचे लिटर आणि माणसांचे तास एवढंच मांडतो, भाव आणि मजुरी ज्याने त्याने आपापली घालावी. समजा गावात रोज ५ टन ओला कचरा निघतो आणि प्लांट ४५ किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन ९० किलोमीटर.

आता बऱ्याच ठिकाणी होतं काय, की घरोघर फिरणारी छोटी घंटागाडीच भरली की तशीच प्लांटला पिटाळतात. तिच्यात बसतो साधारण ८०० किलो. म्हणजे ५ टनाला ७ खेपा. ७ गुणिले ९०, रोजचे ६३० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर धरले तरी ५२ लिटर डिझेल गेलं. एका खेपेला जाण्यायेण्याचे ३ तास आणि गेटवर वजनकाटा, रांग, खाली करणं यात पाऊण तास, सोबत ड्रायव्हर आणि हेल्पर. टनाला काढलं तर साडेदहा लिटर डिझेल आणि साधारण साडेदहाच माणूस-तास पडतात, वर प्लांट कचरा घ्यायचे टनामागे जे पैसे लावतो ती गेट फी वेगळी. आणि हे कागदावर कुठेच येत नाही की ती घंटागाडी पावणेचार तास गावात नव्हती, म्हणून दुसऱ्या गल्लीतला कचरा पडून राहिला, म्हणून मग आणखी दोन गाड्या घ्यायचा ठराव आला. तो खर्च पण वाहतुकीचाच, पण दाखवला जातो 'गाडी खरेदी' म्हणून.

आता त्याच गावाने एक साधा रॅम्प बांधला, घंटागाड्या वर चढून खाली उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकमध्ये माल ओततात आणि तो ५ टनी ट्रक दिवसातून एकदा जातो असं धरा. लिटरला ५ किलोमीटर, म्हणजे १८ लिटर. भरणं, जाणंयेणं, गेट सगळं मिळून साडेचार तास, माणसं दोन. टनाला ३.६ लिटर आणि १.८ माणूस-तास. प्लांट तोच, अंतर तेच, कचरा तोच आणि डिझेल एकदम तिसरा हिस्सा, मजुरीत तर सहावा. म्हणून कोणी म्हणालं 'वाहतूक महाग आहे' किंवा 'वाहतूक स्वस्त आहे' तर आधी विचारायचं, कोणत्या गाडीतून आणि किती भरून?

आता कंपोस्टकडे या. इथे पण तीच गंमत आहे, फक्त खेपेच्या जागी माणूस येतो. 'विकेंद्रित' म्हटलं की लोकांना वाटतं प्रत्येक वॉर्डात खड्डे. समजा २५ ठिकाणी २००-२०० किलोचे पिट केले. प्रत्येक ठिकाणी एक माणूस लागतोच, कारण प्लास्टिक वेचणं, थर देणं, पाणी बघणं, झाकणं, शेजाऱ्यांच्या शिव्या खाणं हे रोजचं काम आहे. काम असतं दीड-दोन तासाचं पण पगार दिवसाचा. २५ माणसं गुणिले ८ तास, म्हणजे टनाला ४० माणूस-तास. एवढ्यात तर छोट्या गाडीची वाहतूक पण स्वस्त निघते. शिवाय त्या माणसाने दोन दिवस सुट्टी घेतली की पिट आंबतो, अळ्या बाहेर येतात आणि पुढच्या मीटिंगला 'कंपोस्ट फेल गेलं' म्हणून सगळे ओरडतात. एकच माणूस सायकलवर चार-पाच पिट फिरून बघतो अशी सोय असेल तर आकडे बदलतात, पण मग प्लास्टिक वेचायचं काम घराघरात झालेलं असलं पाहिजे.

अपवाद एकच, जिथे माणूस आधीच पगारावर आहे. मोठी सोसायटी, हॉस्टेल, बाग असलेलं हॉस्पिटल. तिथला माळी पंधरा मिनिटं देतो आणि वाळलेली पानं तिथेच असतात. ते जरूर करा.

बाकी गावासाठी माझं मत, कंपोस्ट करायचं तर एकाच ठिकाणी करा, फार तर दोन. ५ टनाला सगळं हाताने करायचं म्हटलं तर एक माणूस दिवसाला अर्धा टन निभावतो असं धरा, म्हणजे १० माणसं, टनाला १६ तास. माल बारीक करणारा श्रेडर आणि ढीग पलटायला दिवसातून दोन तास लोडर घेतला तर ४ माणसांत बसतं, टनाला ६.४ तास आणि लोडरचं साधारण २ लिटर डिझेल. श्रेडरचं लाइट बिल वेगळं. जागा लागते अर्धा ते पाऊण एकर, कारण माल महिनाभर तापतो, मग आणखी महिनाभर मुरायला पडून राहतो, आणि दोन ढिगांमधून लोडर फिरायला वाट पाहिजे.

आता समोरासमोर ठेवा. छोट्या घंटागाडीच्या ७ खेपांपुढे हे एका जागेचं कंपोस्ट डिझेलमध्ये पण जिंकतं, माणसांत पण जिंकतं, आणि गेट फी वाचते ती वेगळीच. भरलेल्या मोठ्या ट्रकपुढे मात्र कंपोस्टला टनामागे साडेचार तास जास्त मजुरी पडते आणि डिझेल वाचतं जेमतेम दीड लिटर. मग निकाल लावते प्लांटची गेट फी. दीड लिटर डिझेल अधिक गेट फी ही साडेचार तासांच्या मजुरीपेक्षा जास्त असेल तर गावात करा. कमी असेल तर निदान 'स्वस्त पडतं' म्हणून तरी करू नका. (ट्रक आणि रॅम्पचा भांडवली खर्च एकीकडे, श्रेडर आणि शेड दुसरीकडे, ते पण मांडायचे, पण ते एकमेकांच्या आसपास जातात असं समजून इथे सोडून देतो.) अंतर ९० झालं तर ट्रकचं डिझेल टनाला ७.२ लिटर होतं आणि ड्रायव्हरचा अख्खा दिवस त्या एका खेपेत जातो, तेव्हा पारडं बरंच फिरतं.

कंपोस्टवाल्यांच्या हिशोबात एक वस्तू नेहमी गायब असते, ती म्हणजे सुका पालापाचोळा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणीच सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि नायट्रोजन जास्त. नुसता ढीग लावला तर तो दबतो, हवा बंद होते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणून ५ टनाला रोज साधारण १ टन सुका माल लागतो, पानं, भुसा, लाकडाचा चुरा काहीही. १ टन ऐकायला किरकोळ वाटतो पण सुटी पानं घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतात, म्हणजे रोज १० घनमीटर. ट्रक भरून हवाच वाहून आणायची. ही पण वाहतूकच आहे की! शिवाय पानं पडतात वर्षातले काही महिने आणि कचरा येतो बारा महिने, तेव्हा साठवायला छप्पर पाहिजे. खत चाळल्यावर वर राहणाऱ्या काड्या, करवंट्या परत ढिगात टाकल्या तर ही गरज बरीच कमी होते, पण ते करणारे कमी.

ढीग नीट चाललाय का हे बघायला लॅब लागत नाही. ढिगाच्या आतला मूठभर माल घ्या आणि जोरात पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर ओला आहे, हात कोरडा राहिला तर पाणी मारा. आत लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून ठेवा, बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही पाहिजे. ढीग ५५ डिग्रीच्या वर असला की असंच होतं. सळई कोमट निघाली आणि वास येत असेल तर समजा गावाने माणसांचा पगार दिला पण काम झालेलं नाही. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन हवेत चाललाय, सुकं घाला.

खत विकून पैसे येतील हे उत्पन्न हिशोबात शून्य धरा. ५ टनातून शेवटी निघतं सव्वा टनाच्या आसपास, बाकी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. तेच तर कंपोस्टचं खरं काम आहे, साडेतीन टन पाणी ४५ किलोमीटर लांब न्यायच्या ऐवजी ढिगाच्या उष्णतेने जागेवर उडवायचं. खत शेतकऱ्यांनी फुकट उचलून नेलं तरी फायद्यात, कारण पडून राहिलं तर जागा अडते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'थोडं इथे थोडं तिथे' मध्ये. ५ पैकी ३ टन गावात जिरवले, २ टन राहिले. लोक म्हणतात वाहतूक साठ टक्के वाचली. कशी वाचेल? ट्रक २ टन घेऊन पण ९० किलोमीटरच फिरतो. ओला माल दोन दिवस थांबवून एक दिवसाआड पाठवला तर निम्म्या खेपा वाचतात, पण मग तो ट्रकमध्येच पाणी सोडतो आणि रस्ताभर गळत जातो. आणि करारात किमान वजनाची अट असेल, म्हणजे माल पाठवा न पाठवा तेवढ्या टनाचे पैसे द्यायचेच, तर गेट फी पण वाचत नाही, गाव दोन्हीकडे पैसे भरतं.

म्हणून नगरपालिकेत कोणी दोन्ही पर्यायांचा तक्ता दाखवला तर तीन कागद मागा. मागच्या महिन्याच्या वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचं लॉगबुक आणि प्लांटशी झालेला करार. पावत्यांवर प्रत्येक खेपेचं भरलेलं वजन असतं, तिथेच कळतं गाडी किती रिकामी जाते. अगदी भर पावसाळ्यातल्या आठवड्याच्या पावत्या वेगळ्या काढून बघा, तेव्हा प्लांटवाले भिजलेल्या कचऱ्याचं म्हणजे पावसाच्या पाण्याचं वजन लावतात, आणि गावातला ढीग पण उघड्यावर असेल तर त्याच आठवड्यात बसतो. शेडला छप्पर आहे का आणि तो ढीग बसला तर त्या दिवसांपुरता ट्रक कुठून आणणार, हे त्याच मीटिंगमध्ये विचारून घ्या.