रिक्वेस्टेड

गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी मी भाचीला इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवली. आता मावशीने सख्ख्या भाचीला फॉलो करायचं यात विनंती-बिनंती काय असते असं मला वाटत होतं, म्हणजे ही मुलगी दीड वर्षाची असताना माझ्या खांद्यावर झोपायची आणि माझ्या प्रत्येक ड्रेसवर दूध ओकायची, तेव्हा तिने कुठे परवानगी मागितली होती. पण अकाउंट प्रायव्हेट. निळं ‘फॉलो’ बटण दाबलं तर ते लगेच राखाडी होऊन ‘रिक्वेस्टेड’ झालं. मी म्हटलं ठीक आहे, शाळेतून आली की घेईल.

नाही घेतली.

प्रायव्हेट असण्यात तिचा दोष नाही हे मी नंतर समजून घेतलं. 2024च्या सप्टेंबरात इन्स्टाने टीन अकाउंट नावाचा प्रकार काढला, आपल्याकडे तो 2025मध्ये आला, त्यात अठराच्या आतल्या पोरांची अकाउंटं आपोआप प्रायव्हेट, आणि सोळाच्या आत असाल तर ते बदलायला आईबापांची परवानगी. आमची दहावीत आहे, पंधराची. म्हणजे दाराला कुलूप कंपनीनेच घातलंय, पण दार उघडायचं की नाही हे मात्र तिच्या हातात, आणि ती काही उठत नव्हती.

बरं, बाहेर उभं राहून दिसतं काय? तर गोल फोटो दिसतो, त्यात ही पाठमोरी. बायो दिसतो, त्यात एक चंद्र, एक मांजर आणि पूर्णविराम. पोस्ट किती, फॉलोअर किती, ही स्वतः किती जणांना फॉलो करते हे आकडे दिसतात, पण आकड्यावर बोट ठेवलं तर नावं उघडत नाहीत. स्टोरी नाही, हायलाइट नाही. खाली एक कुलूप आणि अकाउंट प्रायव्हेट आहे, फोटो बघायचे तर फॉलो करा असं वाक्य. अरे केलं की! तेच तर केलंय!

तर माझ्या वाट्याला आला तो पोस्टचा आकडा. गणपतीत 46 होता. पाचव्या दिवशी 47 झाला आणि मी बँकेत काउंटरवर बसून विचार करत होते की ही सत्तेचाळिसावी काय असेल, मोदकाचा फोटो असेल का, मीच दिलेल्या त्या मोरपंखी परकर-पोलक्यातला असेल का, आणि समोर एक आजोबा पासबुक घेऊन तीनदा ‘मॅडम’ म्हणाले. नवरात्रात 48. मग एक दिवस परत 47, म्हणजे एक काढून टाकली, आणि जी मी कधी बघितलीच नाही ती पोस्ट गेल्याची हुरहूर मला दोन दिवस होती. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

पण खरं दुखलं ते वेगळ्याच ठिकाणी. आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात, आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्यापैकी हिला कोण फॉलो करतं ते येतं. तिथे एकच नाव होतं. तिची आत्या.

मावशी आणि आत्या यांच्यात काही स्पर्धा असते असं मी मानत नाही. आम्ही दोघी एकमेकींशी अतिशय चांगल्या वागतो आणि दोघींनाही माहीत असतं की बारशाला सोन्याची साखळी कोणी दिली आणि चांदीचे वाळे कोणी. फक्त एवढंच की आत्या आत होती आणि मी ओट्यावर.

मेसेज करून बघावं म्हटलं तर तोही रस्ता नाही, टीन अकाउंटला ती ज्यांना फॉलो करते किंवा आधीपासून जोडलेले आहेत त्यांनीच मेसेज करायचा. व्हॉट्सॲपवर सांगता आलं असतं, ‘बाळा, रिक्वेस्ट घे’. पण मग मान कुठे राहिला. एक मात्र कळलं, प्रायव्हेट माणसाने दुसऱ्याच्या पब्लिक पोस्टवर केलेली कमेंट सगळ्या जगाला दिसते. नाशिकच्या एका मोमोवाल्याच्या रीलखाली हिची कमेंट सापडली, ‘इथली लाल चटणी म्हणजे जीव’. ताई मला फोनवर सांगते की अगं आमची बाहेरचं तोंडात घालत नाही. मी काही बोलले नाही. एवढी माहिती हातात असून गप्प बसणं हे सोपं नसतं.

मग दसऱ्याच्या रात्री तो घोटाळा झाला. पावणेबाराला अंथरुणात पडल्या पडल्या सवयीप्रमाणे आकडा बघायला गेले आणि बघते तर ‘रिक्वेस्टेड’ नाहीच, परत निळं ‘फॉलो’. मी उठून बसले. आता याचे अर्थ दोनच. एकतर तिने माझी रिक्वेस्ट डिलीट केली, नाहीतर स्क्रोल करताना माझाच अंगठा त्या राखाडी बटणावर पडला आणि मीच ती मागे घेतली, कारण ‘रिक्वेस्टेड’वर दाबलं की रिक्वेस्ट रद्द होते. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. निळं बटण. नकाराचं नोटिफिकेशन येत नाही, होकाराचंच येतं. नवऱ्याला उठवून विचारलं की मी मघाशी अंगठा लावला का रे, तर तो म्हणाला कशाला, आणि कूस बदलून घोरायला लागला.

घाबरून परत ‘फॉलो’ दाबलं. दाबल्यावर लक्षात आलं की म्हणजे तिकडे तिच्या फोनवर रात्री पावणेबाराला मावशी परत दारात.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ट्रेनी म्हणून आलेल्या मुलीला, अगदी सहज, एका मैत्रिणीचं म्हणून विचारलं. ती हसली. म्हणाली, मॅडम, तुमच्या मैत्रिणीला सांगा, जोवर रिक्वेस्टेड दिसतंय तोवर ती नुसती पडून आहे. समोरच्याने बघितली की नाही हे कळायला काही मार्ग नाही. आणि अजून कोणाकोणाकडे अडकलंय ते बघायचं असेल तर अकाउंट्स सेंटरमधून स्वतःची माहिती मागवायची, सगळी नको, फक्त फॉलोअर्सवाला भाग, त्यात `pending_follow_requests` नावाची फाइल येते.

लंच टाइममध्ये मागवली. संध्याकाळी ईमेल आला. फाइल उघडली आणि त्यात माझ्या अडकलेल्या रिक्वेस्टची यादी, नावासकट, तारखेसकट. नऊ! भाची तर कालचीच, कारण रात्री परत पाठवली होती ना, सव्वा महिन्याची माझी सीनियॉरिटी गेली. बाकीच्यात एक कॉलेजची मैत्रीण 2021पासून, लॉकडाउनमधली, म्हणजे मी चार वर्षं तिच्या दारात उभी आहे आणि मला आठवतही नव्हतं. एक माझे दातांचे डॉक्टर, त्यांना का पाठवली असेन देव जाणे. आणि एक असा की ज्याचं स्थळ मला 2006 साली आलं होतं. ती मी तिथल्या तिथे रद्द केली. बाकीच्या राहू दिल्या.

स्थळावरून आठवलं. पूर्वी पोहे खाऊन मुलाकडची मंडळी उठायची आणि जिन्यात चपला घालता घालता म्हणायची, ‘कळवतो’. नाही कोणी म्हणायचं नाही. मग आठवडे जायचे, आई पोस्टमनकडे बघायची, आणि कधीतरी आपलं आपणच समजून घ्यायचं. तेच हे राखाडी बटण. फक्त तिथे पोहे तरी मिळायचे.

आता कोणी म्हणेल बाई, तुझं स्वतःचं अकाउंट? प्रायव्हेटच आहे. आणि त्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका मार्चपासून पडून आहेत. घेतले तर मेंटेनन्स थकलेला असताना महाबळेश्वरला गेलो ते त्यांना दिसणार. डिलीट करू शकले असते, पण मग त्यांचं बटण निळं झालं असतं आणि माणूस हुशार आहे, सोसायटीतला एक एक बल्ब मोजतो, त्याला कळलं असतं. शिवाय डिलीट केल्यावर ते परत पाठवू शकतात आणि मग परत तोच प्रश्न. पडून राहिलं की कसं, लिफ्टमध्ये भेटले तरी म्हणता येतं, अय्या हो का, मी बघतच नाही हो इन्स्टा. तर ते रोज सकाळी लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतात आणि त्यात थोडासा ‘रिक्वेस्टेड’ ऐकू येतो.

भाऊबीजेला ताईकडे नाशिकला गेलो, दादाही तिथेच आला होता, ओवाळणं झालं, फराळाची ताटं झाली, आणि मी भाचीला खिडकीपाशी गाठलं. काही आडपडदा न ठेवता विचारलं, माझी रिक्वेस्ट आली का गं तुला.

‘हो, दोनदा आली.’

‘मग?’

ती चकली मोडत म्हणाली, ‘डिलीट केली असती तर तुला वाईट वाटलं असतं ना मावशी. म्हणून ठेवली.’

म्हणजे पहिल्या वेळी अंगठा माझाच. आणि पुढे काय बोलणार, हे सगळं गणित मी सेक्रेटरी काकांवर स्वतः केलेलं. मी नुसती बघत राहिले. तिला दया आली असावी, कारण तिने फोन काढला, वरच्या बदामावर दाबलं, फॉलो रिक्वेस्ट उघडल्या. ही लांबच लांब रांग, त्यात क्लासचे सर, कुठलंसं मेहंदीवालीचं पान, आणि मी, गुलाबाच्या फुलाचा डीपी. माझ्या नावापुढे ‘कन्फर्म’ आणि ‘डिलीट’ शेजारी शेजारी. अंगठा दोन्हींच्या मध्ये क्षणभर थांबला, माझा श्वास अडकला, आणि तिने कन्फर्म दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. ‘तुमची रिक्वेस्ट स्वीकारली’ असं ते आलं. तिच्याकडे माझ्या नावापुढे लगेच ‘फॉलो बॅक’ आलं, ते तिने बघून न बघितल्यासारखं केलं, ते वेगळं.

बाथरूममध्ये जाऊन कडी लावून सगळ्याच्या सगळ्या पोस्ट बघितल्या. आकाश. आकाश. मांजर. बुटांचा फोटो. आकाश. एक पावसाची काच. मोदक नाही, परकर-पोलकं तर नाहीच. दोन महिने ज्या सत्तेचाळिसाव्यासाठी जीव टाकला ती म्हणजे रिकामा चहाचा कप. पण आत आले होते ना! बाहेर येऊन सोफ्यावर बसले तर मला बरंच मोकळं वाटत होतं.

शेजारी आत्या बसली होती, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून. म्हणाली, ‘अगं बघितलीस का हिची आजची स्टोरी? काय गोड नाचलीये गं, ते मोरपंखी परकर-पोलकं घालून.’

मी फोन उघडला. भाचीच्या फोटोभोवती कसलीच रिंग नाही. मान जराशी वाकडी करून आत्याच्या फोनमध्ये डोकावले, तिथे रिंग होती, हिरवी. म्हणजे क्लोज फ्रेंड्स. त्या यादीत कोण आहे ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि त्यात घ्या म्हणून रिक्वेस्ट पाठवायचं बटणही कुठे नाही.

‘हो बघितली की,’ मी म्हटलं, ‘छानच नाचलीये,’ आणि शंकरपाळ्याचा डबा पुढे ओढला.