तीनशे बारा पानं आणि एक खारी

माझ्या प्रबंधाचं शीर्षक मोठ्याने वाचायला चौदा सेकंद लागतात. हे मला आधी ठाऊक नव्हतं. विद्यापीठाने सामान्य लोकांसाठी दोन मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ मागितला, तेव्हा चित्रं काढणाऱ्या पोराने घड्याळ लावून ते मोजलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, बारा टक्के वेळ इथेच गेला."

विषय आपला नेहमीचाच. महाराष्ट्राच्या सुमारे ऐंशी टक्के भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यात पाणी कुठे साठतं आणि का पळून जातं, यावर मी सहा वर्षं घालवली. मिनिटाला एकशेवीस शब्द धरले तर दोन मिनिटांत दोनशे चाळीस बसतात. माझी पहिली संहिता अकराशे शब्दांची होती, तीही आलेख वगळून. "फक्त तीन चित्रं सांगा, बाकी विसरा," पोरगा म्हणाला. मी तीनशे बारा पानांकडे पाहिलं. कुठलं मूल दत्तक द्यायचं हे ठरवणाऱ्या आईसारखी माझी गत झाली.

पहिलं चित्र खडकाच्या थरांचं. लाव्हाचे थर एकावर एक पसरले, प्रत्येकाचा खालचा भाग टणक आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. मला लगेच अनारसा सुचला. खाली चिक्की, वर जाळीदार अनारसा! पोरगा खूश, मी खूश. मार्गदर्शक सरांना दाखवलं तर त्यांनी चष्मा काढला. "अनारशाची भोकं एकमेकांना जोडलेली असतात का? आपल्या खडकात तर ती बहुतेकदा खनिजांनी बुजलेली असतात. पाणी भोकांतून नाही, फटींतून जातं." सर बरोबर होते, हे जास्त बोचलं. शेवटी खारी सुचली. वरच्या भागात आडवे पापुद्रे, त्यांच्यामधल्या फटीत पाणी, खाली चिक्कीचा थर. चहात खारी बुडवताना जे होतं ते पावसाळ्यात होतं, एवढं लोकांना पुरतं. (खारी चहात विरघळते, खडक नाही, हे सरांनी समासात लिहिलंच.)

दुसरं चित्र पोराने माझ्या नकळत बिघडवलं. त्याने जमिनीखाली एक सुंदर निळा तलाव काढला. माझी सहा वर्षं याच एका गैरसमजाशी भांडण्यात गेली होती! सुदैवाने हे ॲनिमॅटिकमध्येच दिसलं, म्हणजे कच्ची चित्रं आवाजावर बसवून पाहतात त्या टप्प्यावर. पुढे सेकंदाला पंचवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी दोन मिनिटांना दीड हजार चित्रं होतात, आणि तेव्हा बदल मागितला तर तो पोरगा सुशिक्षित माणसासारखा बोलत नाही. मग नियम केला की जमिनीखाली निळा रंग भरायचा नाही, फक्त फटीतून सरकणारे थेंब दाखवायचे. त्यासोबत हंडे. पाण्याने गच्च भरलेला शंभर हंड्यांएवढा खडक, आणि त्यातून निथळणारं पाणी साधारण दोन हंडे. नदीकाठच्या वाळूच्या गाळात तेच सोळाच्या आसपास. खडकाचं हे प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान बदलतं, हे वाक्य मला घालायचं होतं. त्याला सहा सेकंद लागत होते. मी ते सोडलं, आणि त्या रात्री नीट जेवले नाही.

तिसरं चित्र बोअरचं. खोल बोअर एका थरात थांबत नाही, ती पापुद्रे आणि चिक्की दोन्ही भेदत जाते. वरच्या थराच्या खोलीवर केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाइप, नसेल तर तिथलं पाणी त्या भोकातून खाली निसटू शकतं, आणि शेजारची विहीर कोरडी पडते. खारीला दाभण टोचलं, एवढंच. शब्द लागलेच नाहीत.

तयार झाल्यावर परीक्षा अशी असते: विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला एकदा दाखवायचं आणि त्याच्याकडून गोष्ट परत सांगून घ्यायची. आवडलं का, हे विचारायचं नाही, कारण नातेवाईक "छान" म्हणतातच. मी आत्याला बसवलं. तिने बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "खडकात तलाव नसतो, फटीत पाणी असतं. शंभर हंड्यांत दोनच सुटतात. आणि बोअर मारली की वरचं खाली गळतं."

मी तिला मिठी मारणार, तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"अगं, म्हणजे आमच्या बोअरने भाऊजींची विहीर आटवली?"

मी घाईने म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही, फटी कुठे कशा जुळतात ते तपासावं लागतं." हे प्रबंधात एकोणसाठ पानांत आहे. व्हिडिओत नाही.

तोपर्यंत आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. भाऊजींनी तीन वेळा पाहिला म्हणे. आता ते मला गावी बोलावताहेत, आणि मागे बोअरची जागा दाखवणारा पाणाड्याही येणार आहे, नारळासकट.