नियम हजर, मोटारसायकल गैरहजर

कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत अ आणि ब नावाचे दोन गृहस्थ कायमचे मुक्कामाला असतात. जन्मभर ते एकमेकांना काही ना काही विकतात, मग विकायचं नाही म्हणतात, मग पत्रं पाठवतात, आणि वकिलाला विचारायची बुद्धी त्यांना कधी होत नाही. त्यांची भानगड निस्तरायला परीक्षार्थी बसवलेले असतात. पण उत्तरपत्रिका तपासताना मला दिसतं ते असं, की परीक्षार्थी अ आणि ब यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या डोक्यावरून थेट सेक्शनशी बोलतात.

आता हाच प्रॉब्लेम घ्या, 10 मार्कांचा. अ ने 1 जूनला पत्र टाकून आपली जुनी मोटारसायकल ब ला विकायची तयारी दाखवली. पत्र 3 जूनला ब ला मिळालं. 4 जूनला अ चं मन फिरलं आणि त्याने प्रस्ताव मागे घेत असल्याचं पत्र टाकलं. 5 जूनला सकाळी 10 वाजता ब ने योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून स्वीकृतीचं पत्र टपालपेटीत टाकलं. त्याच दिवशी दुपारी 4 वाजता अ चं माघारीचं पत्र ब च्या हातात पडलं. 6 जूनला ब ने अ ला फोन करून सांगितलं, ‘मला गाडी नको, माझं पत्र येईल ते रद्द समजा.’ 7 जूनला ब चं स्वीकृतीचं पत्र अ ला मिळालं आणि अ म्हणाला, ‘करार झालाय, गाडी घ्यावीच लागेल.’ (4 तारखेला गाडी द्यायची नव्हती, 7 तारखेला घ्याच म्हणून हटून बसला. अ चा स्वभावच तसा.) करार झाला का?

यावर येणारं नेहमीचं उत्तर सांगतो. सुरुवात ‘भारतीय करार कायदा 1872 हा अत्यंत महत्त्वाचा कायदा आहे’ इथून. मग प्रस्तावाची व्याख्या, स्वीकृतीची व्याख्या, मग कलम 4 संपूर्ण, कलम 5 संपूर्ण, खाली दुहेरी रेघ. मग 1818 चा ॲडम्स विरुद्ध लिंडसेल, वेगळ्या रंगात. दोन पानं भरतात. अ नाही, ब नाही, मोटारसायकलचा तर धूरही नाही. शेवटी एकच ओळ येते: ‘वरील तरतुदी विचारात घेता असे दिसून येते की सदर प्रकरणात करार झालेला आहे.’

‘असे दिसून येते की’. कुठून दिसतं, कुणाला दिसतं, काही पत्ता नाही. शिंप्याने टेप दाखवावी, कापडाचा पोत वाखाणावा आणि माप न घेताच सदरा हातात ठेवावा, तसला प्रकार.

या उत्तराला मी 10 पैकी 4 देतो आणि ते का, हे सांगायला हवं, कारण ‘सगळं तर लिहिलं होतं’ ही तक्रार ठरलेली. माझी वाटणी साधारण अशी: मुद्दे ओळखण्याला 2, नियमाला 3, नियम घटनेला लावण्याला 4, निष्कर्षाला 1. नियमाचे 3 पूर्ण मिळाले, पाठांतराला नावं ठेवायला जागाच नाही. मुद्द्याला 1, कारण ‘करार झाला का’ हा मुद्दा परीक्षकानेच छापून दिलेला होता, तो त्याला परत केला. निष्कर्ष चुकला, तिथे 0. आणि सगळ्यात मोठ्या वाट्याला, त्या 4 मार्कांना, उत्तरात एक वाक्यही नाही. कोऱ्या जागेला मार्क द्यायची सोय अजून निघालेली नाही.

खरे मुद्दे दोन आहेत. अ ची माघार वेळेत पोचली का? नसेल, तर ब ची माघार वेळेत पोचली का? हे दोन प्रश्न सुटे केले की तारखा आपापल्या बाजूला जाऊन उभ्या राहतात.

पहिला घ्या. कलम 5 म्हणतं, प्रस्ताव मागे घेता येतो, पण स्वीकृतीची सूचना प्रस्तावकाच्या विरुद्ध पूर्ण होण्याआधी. ती कधी पूर्ण होते हे कलम 4 सांगतं: स्वीकृती प्रस्तावकाकडे जाण्याच्या मार्गाला अशी लागली पाहिजे, की ती परत घेणं स्वीकारणाऱ्याच्या हातात उरू नये. इथे थांबून प्रॉब्लेमकडे बघायचं. मार्गाला कधी लागली? 5 जून, सकाळी 10. हातात का उरली नाही? पेटीत टाकलेलं पत्र ब ला परत काढता येत नाही म्हणून. ‘योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून’ हे शब्द परीक्षकाने शोभेसाठी घातलेले नाहीत. ब ने पत्ताच चुकवला असता तर ते पत्र अ कडे निघालं असं म्हणणं अवघड झालं असतं. ती पळवाट बंद करायला ते शब्द आहेत आणि उत्तरात त्यांचा उल्लेख झाला की तपासणाऱ्याला बरं वाटतं. आम्हीही माणसंच.

आता 4 जूनचा सापळा. अ ने माघारीचं पत्र 4 ला टाकलं, ब ने स्वीकृती 5 ला टाकली, 4 हा आकडा 5 च्या आधी येतो, म्हणून अ सुटला. हा हिशेब इतक्या उत्तरपत्रिकांत असतो, की गणिताचा पेपर चुकून माझ्याकडे आला की काय, अशी शंका येते. माघारीचं पत्र टाकल्याक्षणी माघार पूर्ण होते खरी, पण ती पत्र टाकणाऱ्याच्या विरुद्ध. ज्याला पाठवलं त्याच्या विरुद्ध ती पूर्ण होते त्याला कळल्यावर. ब ला कळलं 5 जूनला दुपारी 4 वाजता. तोवर त्याची स्वीकृती निघून सहा तास झाले होते. तेव्हा अ ची माघार उशिरा पोचली आणि तो प्रस्तावाला बांधला गेला.

बरीचशी हुशार मंडळी इथवर येतात आणि ‘म्हणून करार झाला’ लिहून पेनला टोपण लावतात. पण 6 जूनचा फोन तसाच वाजत राहतो.

त्या फोनचं काय करायचं, यावर परीक्षार्थींचा एक ठराविक तोडगा आहे. प्रॉब्लेममध्ये ‘फोन’ शब्द दिसला की 1966 चा भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल हा निवाडा काढायचा. त्यात काय होतं? सरकी पेंडीचा सौदा. प्रस्ताव फोनवर अहमदाबादहून गेला, स्वीकृती खामगावहून फोनवरच आली, आणि वाद होता दावा कुठे चालायचा याचा. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की फोनवर करार जिथे स्वीकृती ऐकू येते तिथे होतो, म्हणजे अहमदाबादला. उत्तम निवाडा. पण आपल्या प्रॉब्लेममध्ये स्वीकृती टपालाने गेलेली आहे, फोनवर गेली ती माघार, आणि दावा कोणत्या गावात लावायचा हे कुणी विचारलेलंच नाही. निवाडा वापरायचा तर त्यातली कोणती घटना इथल्या कोणत्या घटनेसारखी आहे हे दाखवावं लागतं. ‘तिथेही फोन होता’ एवढं साम्य पुरत नाही. खामगावला उगाच हेलपाटा पडतो.

फोनला लावायचा तो कलम 5 चा दुसरा भाग. स्वीकृतीही मागे घेता येते, पण ती स्वीकारणाऱ्याच्या विरुद्ध पूर्ण होण्याआधी. आणि स्वीकारणाऱ्याच्या विरुद्ध ती पूर्ण होते प्रस्तावकाला कळल्यावर. ब चं पत्र अ ला मिळालं 7 जूनला. ब चा फोन अ ने ऐकला 6 जूनला. फोन पत्राच्या आधी पोचला, म्हणून ब सुटला. 5 जूनच्या सकाळपासून अ बांधलेला होता, ब मात्र मोकळा होता, आणि ती मोकळीक ब ने दुसऱ्याच दिवशी वापरली. करार टिकला नाही, अ ला गाडी ब च्या गळ्यात मारता येणार नाही. इंग्लिश कायद्यात पत्र पेटीत पडलं की साधारणपणे दोघेही अडकतात, म्हणून ॲडम्स विरुद्ध लिंडसेल लिहून तिथेच थांबलेला परीक्षार्थी नेमका उलट्या उत्तराला पोचतो. नियम त्याला येत होता. फक्त तो दुसऱ्या देशातल्या अ आणि ब ना लागू होता.

काहींना कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘घटनेचा उल्लेख करा.’ मग ते संपूर्ण प्रॉब्लेम स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरवतात, त्याखाली कलमं उतरवतात, आणि दोघांची ओळखच करून देत नाहीत. ज्या वाक्यात कलमातला शब्द आणि प्रॉब्लेममधली घटना ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ने बांधलेली असते, त्या वाक्याला मार्क असतात. उदाहरणार्थ: ‘ब ची स्वीकृती 5 जूनला सकाळी 10 वाजता अ च्या विरुद्ध पूर्ण झाली, कारण योग्य पत्त्याचे पत्र टपालपेटीत पडल्यावर ते परत घेणे ब च्या हातात राहिले नाही.’ अशी चार वाक्यं झाली की तो वाटा भरतो. त्यासाठी दोन पानंही लागत नाहीत.

कच्च्या कामाच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे कलमाचे तुकडे, उजवीकडे तारीख आणि वेळ. ‘मार्गाला लागली’ समोर 5 जून सकाळी 10, ‘ब ला कळले’ समोर 5 जून दुपारी 4, ‘अ ला कळले’ समोर स्वीकृतीसाठी 7 जून आणि ब च्या माघारीसाठी 6 जून. उजवी बाजू रिकामी राहिली तर तो तुकडा या प्रॉब्लेममध्ये लागत नाही, उत्तरात तो लिहायचा मोह आवरावा. डावी बाजू रिकामी राहिली, म्हणजे एखादी घटना उरली आणि तिला कलम सापडेना, तर जास्त घाबरावं. तो बहुधा तुमचा हुकलेला दुसरा मुद्दा असतो.

लिहून झाल्यावर अ, ब, मोटारसायकल आणि तारखा बोटाने झाकून उत्तर वाचून बघावं. झाकायला काही सापडलंच नाही, तर निकाल तिथेच कळला.

पुढच्या परीक्षेला मी हाच प्रॉब्लेम देणार आहे, फक्त फोनची तारीख 6 ऐवजी 8 जून करून. स्वीकृतीचं पत्र 7 लाच अ च्या हातात पडलेलं असेल, ब ची माघार उशिराची ठरेल आणि करार पक्का होईल. दुहेरी रेघांची ती दोन पानं मात्र एक काना-मात्रा न बदलता परत येतील, शेवटी ‘असे दिसून येते की करार झालेला आहे’ हेही तसंच असेल, आणि या खेपेला ते बरोबर असेल. तेव्हा निष्कर्षाचा 1 मार्क वाढून 10 पैकी 5.